पार्सल परत आलं, भाडं मात्र गेलं : कुरियर कंपनीला परताव्याचं पत्र कसं लिहायचं

माझ्या आत्याने वाईहून बडोद्याला लेकीकडे दोन गोधड्या पाठवल्या होत्या. नातीचं बारसं ९ मार्च २०२५ला, रविवारी होतं. पार्सल ३ मार्चला बुक केलं. बारसं होऊन गेलं, गोधड्या काही पोचल्या नाहीत. १५ मार्चला तोच खोका, तीच दोरी, आत्याच्या दारात परत. वर एक स्टिकर चिकटवलेलं आणि त्यावर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ या अर्थाच्या इंग्रजी ओळीसमोर टिकमार्क. खोका हातात देण्याआधी परतीचं भाडं म्हणून आणखी १०६२ रुपये मागितले. बाळंतीण घरातच होती आणि तिची सासूही घरातच होती.

त्या पत्रव्यवहारात जे शिकले ते इथे क्रमाने मांडते आहे. हे खासगी कुरियरपुरतं आहे. टपाल खात्याचे नियम निराळे असतात, स्पीड पोस्टाची तक्रार टपाल खात्याकडेच करावी लागते.

आधी कारण बघा, मग पत्र

परताव्याचा सगळा दावा एका प्रश्नावर उभा असतो : पार्सल परत का आलं? आपण पत्ता अर्धवट लिहिला असेल, मोबाईल नंबरचा एक आकडा चुकला असेल किंवा घेणाऱ्याने ‘नको’ म्हणून परत पाठवलं असेल, तर कंपनीने तिचं काम केलेलं असतं. गाडी गेली, माणूस गेला, खर्च झाला. अशा वेळी जाण्याचं भाडं परत मागू नये. ते मिळत नाही, आणि खरं तर मागणं रास्तही नाही. फार तर परतीच्या भाड्यात सवलत मागता येते.

पत्ता बरोबर, फोन चालू, घरात माणूस हजर आणि तरीही पार्सल परत आलं, तर मात्र पोचवण्याचं काम झालेलंच नाही. ज्या कामाचं भाडं घेतलं ते झालं नाही, म्हणून भाडं परत मिळावं. परतीचा प्रवास कंपनीच्याच चुकीमुळे घडला, म्हणून त्याचं भाडंही आपल्यावर पडू नये. पत्राचा गाभा एवढाच आहे.

त्यामुळे लिहायला बसण्याआधी घेणाऱ्याला फोन करून सरळ विचारा : तुला कॉल आला होता का, ओटीपी आला होता का, तू त्या दिवशी कुठे होतास? आपलाच माणूस म्हणून त्याचं म्हणणं गृहीत धरू नका. तो गावाला गेला होता हे पत्र गेल्यावर कळलं, तर सगळा डोलारा कोसळतो.

खोका दारात आल्यावर

खोका लगेच फोडू नका. सहाही बाजूंचे फोटो काढा. पत्त्याचं लेबल, बारकोडखालचा नंबर आणि परतीचं स्टिकर यांचे फोटो इतक्या जवळून घ्या की अक्षर वाचता येईल. हा नंबर म्हणजे एडब्ल्यूबी नंबर. काही ठिकाणी त्याला डॉकेट नंबर किंवा नुसतं कन्साईनमेंट नंबर म्हणतात. पुढचा सगळा व्यवहार याच नंबरावर चालतो.

परतीचं भाडं मागितलं तर ते भरायचं की नाही, असा पेच येतो. भरलं नाही तर खोका परत गोदामात जातो आणि ठेवणावळ मागितली जाण्याची भीती असते. आतला माल हवा असेल तर भरा, पण पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. कंपनीच्या प्रतीवर सही करताना शेजारी लिहा : ‘हक्क राखून रक्कम भरली.’ आत्याने हेच केलं. पोरगा म्हणाला, असं लिहायचं नसतं. तिने लिहिलं. पुढे ‘तुम्ही भाडं राजीखुशीने भरलंत’ असं म्हणायला कंपनीला जागाच उरली नाही.

ट्रॅकिंगची पानं नीट वाचा

ट्रॅकिंगची सगळी नोंद त्याच दिवशी छापून घ्या किंवा तिचे स्क्रीनशॉट घ्या, कारण काही काळाने ती संकेतस्थळावर दिसेनाशी होते. मग एकेक ओळ वाचा. पार्सल वाटपासाठी बाहेर पडलं की `Out for Delivery` अशी नोंद पडते. घरी कुणी सापडलं नाही तर `Consignee Not Available` किंवा तशाच अर्थाचं काही. परतीला लागलं की `RTO`.

खोटी फेरी या नोंदींतच सापडते. आत्याच्या पार्सलवर ६, ७ आणि ८ मार्च असे तीन प्रयत्न दाखवले होते. पण `Out for Delivery` फक्त ६ तारखेला होतं. ७ आणि ८ला पार्सल गोदामाबाहेर पडल्याची नोंदच नव्हती, तरी ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मात्र होता. वेळा होत्या रात्री ८.४७, ८.४७ आणि ८.५२. दिवसभराचं वाटप संपल्यावर शाखेत बसून उरलेल्या खोक्यांवर एकगठ्ठा शेरा मारला की वेळा अशा जुळून येतात. दारात उभं राहून मारलेले शेरे दिवसभर विखुरलेले असतात.

राहिली ६ तारीख. त्या दिवशी माणूस खरंच गेला असेल तर? इथे आतेबहिणीच्या सोसायटीचं रजिस्टर कामाला आलं. फाटकावरचा वॉचमन प्रत्येक डिलिव्हरीवाल्याचं नाव, फ्लॅट नंबर आणि वेळ लिहून घेतो. ६ मार्चच्या पानावर गॅसवाला होता, दोन जेवणाची पार्सलं होती, दुसऱ्या एका कुरियरचा माणूस होता. आपल्या कंपनीचा कुणी नव्हता. त्या पानाचा फोटो आणि तिच्या मोबाईलची त्या तीन दिवसांची आलेल्या कॉलची यादी, एवढाच आमचा पुरावा. रजिस्टर नसेल तर कॉलची यादी, शेजाऱ्याची दोन ओळींची सही किंवा जिन्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण चालतं. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून त्याची धावपळ पहिल्या दिवशीच करा.

किती मागायचं

आकडा पावतीवरूनच काढा. गोधड्यांचं खरं वजन ५ किलो ३०० ग्रॅम होतं, पण खोका ५० × ४० × ३० सेंटिमीटरचा. हलक्या पण जागा खाणाऱ्या मालाला आकारमानाचं वजन लावतात : लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून त्याला बऱ्याचदा ५००० ने भागतात. इथे ६०,००० भागिले ५००० म्हणजे १२ किलो. ७५ रुपये किलोने भाडं ९००, त्यावर १८ टक्के जीएसटी १६२, मिळून १०६२. शिवाय पॅकिंगचे ५० आणि त्यावरचा कर ९ रुपये. बुकिंगला एकूण ११२१ रुपये गेले.

आम्ही पॅकिंगचे ५९ मागितले नाहीत. पॅकिंगचं काम झालं होतं आणि चांगलं झालं होतं, खोका गुजरातला जाऊन आला तरी कोपरा चेपला नव्हता. जाण्याचं भाडं १०६२ आणि परतीचं १०६२, असे २१२४ मागितले. झालेल्या कामाचे पैसे आपण होऊन वगळले की उरलेल्या आकड्याला वजन येतं. बारा किलो का लावले, हा वादही या पत्रात आणू नका. तो वेगळा वाद आहे. तो आला की कंपनी त्याचंच उत्तर देते आणि परताव्याचं राहून जातं.

बारसं हुकल्याचं दुःख खरं होतं. म्हणून मनस्तापाचे पंचवीस हजार लिहावेत असं घरात एकाने सुचवलं. मी लिहू दिलं नाही. पावतीवर, बहुतेक मागच्या बाजूला, कंपनीने आपल्या जबाबदारीला मर्यादा घातलेली असते. सही करून दिलेल्या कागदावरची अशी मर्यादा ग्राहकाला बांधील धरता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात दिला होता. प्रत्यक्ष भरलेलं भाडं ही लहान आणि पावतीने सिद्ध होणारी रक्कम असते. तेवढ्यावर पत्र ठेवलं तर ते कंपनीच्या हिशेब विभागापर्यंत पोचतं. मोठा आकडा घातला की ते कायदा विभागात जाऊन पडतं.

पत्र कुणी, कुणाला

भाडं ज्याने भरलं आणि पावतीवर पाठवणारा म्हणून ज्याचं नाव आहे, त्याच्याच सहीने पत्र जावं. भाडं घेणाऱ्याने भरायचं असेल, म्हणजे टू-पे असेल, तर ज्याच्या खिशातून पैसे गेले त्याने लिहावं.

ज्या दुकानात पार्सल दिलं ते अनेकदा फ्रँचायझीचं असतं. दुकानदार म्हणतो, पैसे वर गेले, माझ्या हातात काही नाही. त्याच्याशी भांडू नका. पत्र कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला, तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे लिहा आणि त्याची प्रत दुकानाला द्या. कार्यालयाचा पत्ता जीएसटीच्या बिलावर सापडतो. बुकिंग एखाद्या मध्यस्थ ॲपवरून केलं असेल आणि बिल त्या ॲपचं असेल, तर पत्र आधी त्या ॲपच्या कंपनीला, कारण पैसे तिने घेतले.

पावतीमागे तक्रारीची मुदत छापलेली आहे का, ते भिंग लावून का होईना वाचा. कित्येक ठिकाणी मुदत दिवसांत मोजलेली असते. आम्ही पार्सल आल्यावर दुसऱ्याच दिवशी लिहायला बसलो आणि १७ मार्चला, सोमवारी, पत्र पाठवलं.

ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा. ईमेलने पटकन तक्रार क्रमांक मिळतो, आणि स्पीड पोस्टाची पोच पुढे पुरावा म्हणून दाखवता येते. पत्र मराठीत चालतं. मुख्य कार्यालय महाराष्ट्राबाहेर असेल तर सोबत इंग्रजी प्रत जोडा, नाहीतर ‘भाषांतरासाठी पाठवलं आहे’ या सबबीवर आठवडा जातो.

पत्राचा नमुना

आत्याचं पत्र जवळजवळ असंच होतं. नावं आणि क्रमांक तेवढे गाळले आहेत.

दिनांक : १७ मार्च २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचे नाव व नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता)

विषय : एडब्ल्यूबी क्रमांक ________, न पोचता परत आलेल्या पार्सलच्या भाड्याचा रु. २१२४ इतका परतावा मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

मी दि. ३ मार्च २०२५ रोजी आपल्या वाई येथील केंद्रातून वरील क्रमांकाचे पार्सल बडोदा येथे पाठवले. त्याचे भाडे रु. ९०० व कर रु. १६२, एकूण रु. १०६२ मी त्याच दिवशी भरले. पावतीची प्रत सोबत आहे.

सदर पार्सल न पोचवता दि. १५ मार्च रोजी मला परत करण्यात आले. त्या वेळी परतीचे भाडे म्हणून माझ्याकडून आणखी रु. १०६२ घेण्यात आले. ही रक्कम मी हक्क राखून भरली आहे.

आपल्या नोंदीत दि. ६, ७ व ८ मार्च रोजी ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असे कारण दिले आहे. हे कारण मला मान्य नाही. दि. ७ व ८ मार्च रोजी पार्सल वाटपासाठी बाहेर पडल्याची नोंद आपल्याच ट्रॅकिंगमध्ये नाही. दि. ६ मार्च रोजी इमारतीच्या प्रवेशद्वारावरील नोंदवहीत आपल्या प्रतिनिधीची नोंद नाही. तिन्ही दिवशी पार्सल घेणारी व्यक्ती घरी होती व पावतीवरील तिच्या मोबाईलवर आपल्याकडून एकही कॉल आलेला नाही. पत्ता व मोबाईल क्रमांक पूर्ण आणि बरोबर आहेत.

पार्सल पोचवण्याची सेवा मला मिळालेली नाही. ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आहे. म्हणून दोन्ही वेळचे भाडे मिळून रु. २१२४ माझ्या बँक खात्यात हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत जमा करावे व त्याची क्रेडिट नोट मला पाठवावी. पॅकिंगच्या रकमेची मी मागणी करत नाही.

परतावा नाकारायचा असल्यास तिन्ही दिवसांचे डिलिव्हरी रन शीट आणि केलेल्या कॉलचा तपशील लेखी उत्तरासोबत द्यावा.

आपली,
(सही, नाव, पत्ता, मोबाईल)

सोबत : बुकिंगची पावती, परतीच्या भाड्याची पावती, ट्रॅकिंगची प्रत, नोंदवहीच्या पानाचा फोटो, कॉलची यादी, खोक्यावरील स्टिकरचा फोटो.
प्रत : वाई केंद्र.

डिलिव्हरी रन शीट म्हणजे डिलिव्हरी करणारा पोरगा सकाळी कुठकुठली पार्सलं घेऊन निघाला त्याची यादी. व्यवहारात तिला डीआरएस म्हणतात. ज्या दिवशी पार्सल त्या यादीत नाही, त्या दिवशी दारात प्रयत्न झाला असं म्हणता येत नाही. ही यादी मागितली की समोरच्याला कळतं, पत्र लिहिणाऱ्याला काम कसं चालतं ते ठाऊक आहे.

क्रेडिट नोट म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी केल्याचा कंपनीचा कागद. तिची मागणी शोभेची नाही. भाड्यावर घेतलेला कर परत करताना कंपनीला आपल्या हिशेबात ती काढावी लागते, त्यामुळे करासकट परतावा मिळायला मदत होते. मात्र नुसती क्रेडिट नोट हातात देऊन ‘पुढच्या बुकिंगला वापरा’ असं म्हणाले तर घेऊ नका. म्हणूनच पत्रात बँक खात्याचा उल्लेख आधी केला आहे.

फोनवरच्या भामट्यांपासून जपा

कंपनीचा नंबर कधीही गुगलवर शोधून लावू नका. ‘कस्टमर केअर’ म्हणून तिथे भामट्यांनी नंबर पसरवलेले असतात. पार्सल किंवा परतावा म्हटलं की ते एक लिंक पाठवतात आणि ‘पाच रुपये भरा, परतावा सुरू होईल’ असं सांगतात. पाच रुपयांच्या नावाखाली खातं रिकामं होतं. परतावा मिळण्यासाठी आपल्याला कधीच पैसे भरावे लागत नाहीत, यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, कुठलंही ॲप उतरवावं लागत नाही. नंबर घ्यायचा तो पावतीवरचा. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड मागितले तर तेवढेच द्या, तेही कंपनीच्या अधिकृत ईमेलला उत्तर म्हणून.

उत्तर आल्यावर, किंवा न आल्यावर

आम्हाला आठव्या दिवशी, २४ मार्चला, उत्तर आलं : ‘आमच्या प्रतिनिधीने तीन वेळा प्रयत्न केला, नियमानुसार भाडं परत होत नाही.’ असं ठोकळेबाज उत्तर आलं तर नवं लांबलचक पत्र लिहू नका. आम्ही त्याच ईमेलवर तीन ओळी लिहिल्या : तिन्ही दिवसांचे रन शीट मागितले होते, ते जोडलेले नाही. ७ व ८ मार्चला पार्सल वाटपासाठी बाहेर पडल्याची नोंद आपल्याकडे नाही, याचा खुलासा करावा. पत्रातली १५ दिवसांची मुदत कायम आहे.

२९ मार्चला पाचशे रुपयांचं कूपन देऊ केलं. आत्याचा विचार डळमळला, पण कूपन घेतलं की प्रकरण मिटलं असं समजलं जातं. नम्रपणे नाही म्हटलं.

मुदत संपल्यावर, २ एप्रिलला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. ती `consumerhelpline.gov.in` वरही नोंदवता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पोचवून उत्तर मागते. तिथे आपलं पत्र, पोच आणि कंपनीचं उत्तर जोडलं की काम हलतं. नुसतं ‘पार्सल आलं नाही’ असं लिहिलं की तेच ठोकळेबाज उत्तर पुन्हा येतं. ११ एप्रिलला आत्याच्या खात्यात २१२४ रुपये जमा झाले. रन शीट मात्र शेवटपर्यंत आलं नाही.

तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार `e-jagriti.gov.in` वरून घरबसल्या दाखल करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही, आणि वकील द्यावाच लागतो असं नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे वाईच्या माणसाला कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या गावी जावं लागत नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. मनस्तापाची भरपाई मागायचीच असेल तर तिची जागा इथे आहे, पहिल्या पत्रात नाही. एक अडचण लक्षात ठेवा : पार्सल धंद्याच्या मालाचं असेल तर कंपनी ‘ही व्यापारी सेवा होती, तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप घेऊ शकते. पार्सल घरगुती असेल तर आतल्या वस्तूचं वर्णन बुकिंगच्या वेळीच पावतीवर तसंच स्पष्ट लिहून घ्या. आत्याच्या पावतीवर लिहिलेलं होतं : ‘जुन्या साड्यांच्या गोधड्या, २ नग, घरगुती वापर.’